वहीच्या फोटोंवरून मथळे-मुद्द्यांची टाइप केलेली टिपणं

प्रश्न: धाकटी बहीण कृषी पदविकेला आहे. मधे ती आजारी होती, म्हणून मैत्रिणीने केळी पिकाच्या वहीचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले. पस्तीस-चाळीस असतील. ते टाइप करून मथळे आणि त्याखाली मुद्दे असं करून द्यायचंय. मी वर्ड उघडून बसलो, पण दोन पानांतच सगळा गोंधळ झाला. अक्षर तसं वाचता येतं, पण कुठलं कशाखाली घ्यायचं तेच कळत नाही. सुरुवात कशी करू? (यावल)

उत्तर:

भाऊ, वही सर जसे बोलत गेले त्या क्रमाने लिहिलेली असते आणि तुम्हाला हवाय विषयाचा क्रम. तुम्ही अक्षर लावताय, टाइप करताय आणि त्याच वेळी हा मथळा की मुद्दा हेही ठरवताय, म्हणून दोन पानांत अडकलात. ही कामं वेगळी करा. आधी वहीत आहे तसं, ओळीला ओळ, काही न सजवता उतरवून घ्या. मांडणी नंतर, फोटो बंद करून, फक्त त्या उताऱ्यावरून करायची. माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान जळगावला कॉलेजच्या रस्त्यावर आहे आणि परीक्षेच्या आधी असल्या वह्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे येतात. आमच्याकडे काम शिकणाऱ्या पोरापोरींना पहिल्या दिवशी मी हेच सांगते. उताऱ्याच्या फाइलमध्ये बोल्ड नाही, बुलेट नाही, काही नाही.

त्याआधी फोटोंचं बघू. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि त्याचं नावही बदलतं. `IMG-20240812-WA0007.jpg` असं काहीतरी येतं. त्यातली तारीख फोटो तुमच्याकडे आला त्या दिवसाची असते, तासाची नव्हे, त्यामुळे नावावरून पानांचा क्रम लावायला जाऊ नका. मैत्रिणीला तेच फोटो पुन्हा पाठवायला सांगा, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडून. तसे पाठवले की मूळ आकारात येतात आणि तिच्या फोनमधलं मूळ नावही टिकतं. त्या नावात फोटो काढल्याची वेळ असेल तर क्रम आपोआप लागतो. नसेल तर एका पानाचं शेवटचं अर्धं वाक्य पुढच्या कुठल्या पानाच्या पहिल्या ओळीला जुळतंय ते बघून क्रम लावा, आणि फाइलींना `01.jpg`, `02.jpg` अशी नावं द्या. हे आकडे पुढे सारखे लागणार आहेत.

जी पानं मुळातच धड दिसत नाहीत ती परत मागवायला लाजू नका. वहीच्या शिवणीकडे ओळ वळून गेलेली असते आणि तिथले शेवटचे दोन शब्द कितीही मोठं करून बघितलं तरी उलगडत नाहीत. तिला सांगा, खिडकीशी उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, फोन पानाला समांतर धरून, एका फोटोत एकच पान, चारही कोपरे दिसतील असं. पातळ कागदाच्या वहीत मागच्या पानाची शाई पुढे उमटते. त्या पानाच्या मागे काळा कागद किंवा गडद रंगाचं वहीचं कव्हर सरकवलं की ती उमटलेली शाई बरीचशी दबते.

फोटोतलं लिखाण थेट टाइप स्वरूपात काढून देणारी सोय वापरावी का, असं तुम्ही विचारणारच. गूगल ड्राइव्हमध्ये फोटो टाकून तो गूगल डॉक्सने उघडला की मजकूर निघतो हे खरं. छापील पानाला ती सोय उत्तम आहे. पण घाईघाईने लिहिलेलं मराठी, मधे इंग्रजी शब्द, बाण, समासात तिरप्या नोंदी अशा पानावर जे हाती येतं ते दुरुस्त करण्यात सरळ टाइप करण्यापेक्षा जास्त वेळ जातो. त्यातला मोठा तोटा म्हणजे चुकीचा शब्दही नीटनेटका छापलेला दिसतो, म्हणून नजर त्यावरून सरकून जाते. हाताने करा. चाळीस पानं फार नाहीत.

आता उतारा. त्याचे नियम थोडे आहेत, पण ते कडक पाळायचे. प्रत्येक फोटोचा मजकूर सुरू करताना वर फोटोचा आकडा टाका. वहीतली एक ओळ म्हणजे तुमची एक ओळ. आत सरकवून लिहिलेली ओळ तुम्हीही टॅबने तितकीच आत सरकवा. बाण, चांदणी, चौकट, अधोरेखा हे कंसात शब्दांनी लिहा. वाचता न आलेल्या शब्दाच्या जागी `[?]`, आणि दोन वाचनं शक्य असतील तर दोन्ही मधे तिरपी रेघ देऊन. शुद्धलेखन सुधारायचं नाही, वाक्य पुरं करायचं नाही. आणि आपल्याकडचा शब्द बदलायचा नाही. ‘निसवण’ हा शब्द तुमच्या मोबाइलच्या कीबोर्डला माहीत नसेल, तो भलताच शब्द सुचवेल. केळीचा घड बाहेर पडणं म्हणजे निसवण हे तुम्हाला यावलला राहून ठाऊक आहे, कीबोर्डला नाही. आपोआप दुरुस्तीची सोय उतारा होईपर्यंत बंदच ठेवा.

एक पान घेऊन दाखवते. केळीच्या वह्यांमध्ये मी बघते तशी पानं डोळ्यापुढे ठेवून हे तयार केलंय, तुमच्या बहिणीच्या वहीत थोडंफार असंच निघेल.

```
[12]
केळी लागवड (अधोरेखा)
हंगाम – मृग जून-जुलै, कांदे सप्टें-ऑक्टो
अंतर – १.५ × १.५ (बाण) 4444
       1.8 × 1.8 (बाण) 30[?]6
रोपे – ऊतिसं. 30 सेमी, 5 पाने
कंद – अर्धा ते पाऊण किलो
       तलवारीसारखी पाने
खत 200 : 40 : 200 / झाड
       युरिया 4[3/8]5
       बुरशीनाशकात बुडवणे अर्धा तास (बाण वर, ‘कंद’कडे)
       प्रमाण [?] / लि.
थंडीत रात्री पाणी, पहाटे धूर
(चांदणी) शेवरी – बागेभोवती
(समासात, तिरपं) परीक्षेला!
```

सगळ्यात जास्त धोका शब्दांत नाही, आकड्यांत आहे. चुकलेला शब्द वाचताना खटकतो, चुकलेला आकडा खटकत नाही. शिवाय आपली पोरं एकाच ओळीत मराठी आणि इंग्रजी आकडे मिसळतात. मराठी १ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो, मराठी ४ इंग्रजी 8 सारखा, आणि घाईत काढलेला ५ कधी ४ वाटतो. वर ‘१.५’ आहे तिथे कुणी 9.5 वाचलं तर नवल नाही. म्हणून आधी बघायचं की ही ओळ कुठल्या आकड्यांत चाललीय. त्याच ओळीतला एखादा निःसंशय आकडा शोधा, म्हणजे बाकीचे त्याच लिपीतले धरून वाचता येतात. ओळ मिश्र असेल तर दोन्ही वाचनं कंसात ठेवा.

आणि शेतीच्या वहीत एक सोय असते, आकडे एकमेकांना बांधलेले असतात. हेक्टर म्हणजे 10,000 चौरस मीटर. झाडांमधलं अंतर 1.5 गुणिले 1.5 मीटर असेल तर एका झाडाला 2.25 चौरस मीटर जागा लागते. भागाकार केला की 4444 झाडं येतात आणि वहीतही 4444 च आहे, म्हणजे ‘१.५’ हेच वाचन बरोबर. दुसरी ओळ 1.8 गुणिले 1.8, म्हणजे 3.24 चौरस मीटर, भागाकार 3086. पानावर 30[?]6 दिसतंय, तेव्हा मधला आकडा 8. युरियाचंही तसंच. वर खताच्या ओळीत पहिला आकडा 200 आहे, म्हणजे झाडाला 200 ग्रॅम नत्र, आणि युरियात नत्र 46 टक्के असतं. 200 भागिले 0.46 म्हणजे जवळपास 435. तेव्हा 485 नव्हे, 435.

या हिशेबाची मर्यादाही ध्यानात घ्या. वहीत दिसणाऱ्या दोन वाचनांपैकी कुठलं खरं हे त्यातून ठरतं. जे मुळात दिसतच नाही ते हिशेबाने भरायचं नाही. बुरशीनाशकाचं लिटरला किती हे प्रमाण वर `[?]` आहे. ते ताडून बघायला पानावर दुसरा काही आकडा नाही, म्हणून तो कंस तसाच राहणार आणि शेवटी मैत्रिणीला विचारला जाणार. इंटरनेटवरून प्रमाण शोधून तिथे घातलंत, तर ते सरांनी सांगितलेलं प्रमाण आहे असंच बहीण धरून चालेल. औषधाच्या बाबतीत तर मुळीच नको.

आकड्याबरोबर त्याचं परिमाणही उतरवा, आणि वहीत परिमाण नसेल तर तिथेही कंस टाका. आपल्याकडे बोलताना ‘पाच बाय पाच’ म्हटलं की फूट हे गृहीत असतं आणि वहीत नुसतं ‘5 × 5’ पडतं. आधीच्या पानावर मीटर चाललेलं असेल तर तुम्ही तेच पुढे ओढाल. वरचाच हिशेब इथेही लावा. 5 मीटर बाय 5 मीटर धरलं तर हेक्टरी 400 झाडं येतात, केळीला ते शक्यच नाही. 5 फूट म्हणजे साधारण दीड मीटर, तेव्हा ही वरचीच नोंद दुसऱ्या मापात आहे.

सगळी पानं उतरवून झाली की फोटो बंद करा आणि उतारा सलग एकदा वाचा. कुठलं कशाखाली हा तुमचा खरा प्रश्न इथे सुटतो. प्रत्येक ओळीला विचारायचं, ही कशाबद्दल सांगतेय? वहीत ती कुठे आहे हे नाही विचारायचं. ‘बुरशीनाशकात बुडवणे’ ही ओळ खताच्या खाली आत सरकवून लिहिलीय. नुसत्या सरकवण्यावर विसंबलात तर ती खतात जाईल. पण खताला कोणी बुडवत नाही, बुडवतात कंद, आणि बाणही तेच सांगतोय. बहुधा सर खतावर आले, मग त्यांना आठवलं की कंदप्रक्रिया राहिली, आणि पोरीने जिथे पेन होतं तिथे लिहून बाण मारला. वर्गात हे सतत होतं. सर मागे जातात, वही मात्र पुढेच जाते.

म्हणून खुणा कितपत खऱ्या मानायच्या याचा माझा एक ठोकताळा आहे. बाण सगळ्यात भरवशाचा, कारण तो लिहिणाऱ्याने विचार करून काढलेला असतो. अधोरेखाही बऱ्यापैकी. ओळ आत सरकवणं अर्धंच खरं, कारण जागा संपली म्हणूनही ओळ आत येते. चांदणीचा अर्थ दर वहीत वेगळा. काही जणांची चांदणी म्हणजे महत्त्वाचं, काहींची म्हणजे नवा मुद्दा. पाच-सहा पानं बघून त्या वहीपुरता अर्थ ठरवा. वरच्या पानावर शेवरीला चांदणी आहे. केळीच्या बागेभोवती शेवरी लावतात ती वारा अडवायला, तेव्हा तिची जागा थंडीच्या ओळीशेजारी, पिकाच्या संरक्षणाखाली. पण ‘संरक्षण’ हा मथळा वहीत कुठेच नाही, तो तुम्हाला घालावा लागणार. असे स्वतः घातलेले मथळे चौकोनी कंसात लिहायची सवय ठेवा, म्हणजे हा शब्द सरांचा नाही हे बहिणीला कळेल. समासातलं ‘परीक्षेला!’ कुठल्या ओळीचं हे स्पष्ट नसेल तर सगळ्या पानाला लागू आहे असं धरू नका, मैत्रिणीच्या यादीत टाका.

मग त्या पानाचं हे असं होतं.

```
केळी लागवड
  हंगाम
    • मृग बाग: जून–जुलै
    • कांदे बाग: सप्टेंबर–ऑक्टोबर
  [लागवडीचे साहित्य]
    • ऊतिसंवर्धित रोपे: उंची 30 सेमी, 5 पाने
    • कंद
        – वजन अर्धा ते पाऊण किलो
        – पाने तलवारीसारखी
        – प्रक्रिया: बुरशीनाशकात अर्धा तास
          बुडवणे; प्रमाण [?] / लि.
  अंतर
    • 1.5 × 1.5 मी.: हेक्टरी 4444 झाडे
    • 1.8 × 1.8 मी.: हेक्टरी 3086 झाडे
  खत
    • नत्र : स्फुरद : पालाश = 200 : 40 : 200 ग्रॅम
      प्रति झाड (युरिया 435 ग्रॅम)
  [संरक्षण]
    • थंडीत: पाणी रात्री, धूर पहाटे
    • वाऱ्यासाठी: बागेभोवती शेवरी
```

यात तीन गोष्टी बघा. साहित्याचा भाग अंतराच्या वर गेलाय, वहीत त्या ओळी खाली होत्या. काय लावायचं हे आधी आणि किती अंतरावर हे नंतर, असं वाचायला सोपं जातं म्हणून मी हलवलं. तुम्ही उलटं ठेवलंत तरी बिघडत नाही, फक्त प्रत्येक पिकाच्या धड्यात तोच क्रम ठेवा. दुसरं, खताखाली एकच मुद्दा राहिलाय. एकाच मुद्द्यासाठी मथळा शोभत नाही असं म्हणतात, आणि एरवी मीही तो वरच्या मथळ्यात मिसळून टाकते. पण इथे पुढच्या पानांवर खताचे हप्ते येणार हे उघड आहे, म्हणून मथळा राखून ठेवला. तिसरं, नत्र, स्फुरद, पालाश ही नावं आणि प्रमाणापुढचं ‘ग्रॅम’ वहीत नव्हतं. तीन आकडे असे दोन बिंदूंनी लिहिले की ते याच क्रमाने वाचायचे असतात, आणि झाडाचं खत ग्रॅममध्ये, म्हणून उलगडून घातलं. अंतराचं मीटर तर आपण हिशेबाने ताडूनच घेतलंय. सर्वमान्य संक्षेप उलगडायला हरकत नाही, पण मैत्रिणीने स्वतः केलेले संक्षेप तिला विचारल्याशिवाय उलगडू नका. ‘प्र.’ म्हणजे प्रक्रिया, प्रमाण, प्रति की प्रकार, हे संदर्भाशिवाय कोणी सांगू शकत नाही.

मथळे किती खोल न्यायचे? धडा, त्याखाली भाग, त्याखाली मुद्दा, आणि फार तर एक उपमुद्दा. त्याच्या पलीकडे गेलात की मोबाइलच्या पडद्यावर मजकूर उजव्या कडेला चिकटतो आणि एका ओळीत तीन-तीन शब्द उरतात. बहीण मोबाइलवरच वाचणार आहे. कुठे पाचवी-सहावी पातळी लागायला लागली तर समजा की तिथे मथळा तरी चुकलाय, नाहीतर तिथे तक्ता हवाय. मृग बाग आणि कांदे बाग यांची पुढे लागवड, पाणी, काढणी अशी एकेक माहिती येत गेली तर मुद्द्यांच्या दोन लांब याद्या करण्यापेक्षा दोन स्तंभांचा तक्ता बरा. आकडे घातलेली यादी मात्र फक्त जिथे क्रम आहे तिथेच. खड्डा, मग शेणखत, मग लागण, अशा कामांना १, २, ३ द्या. हंगामांना किंवा जातींना आकडे दिले की वाचणारी उगाच त्यात पहिला-दुसरा शोधत बसते.

मुद्दे तोडताना सगळ्यात जास्त नुकसान होतं ते अटींचं. ‘थंडीत रात्री पाणी’ यातलं ‘थंडीत’ गेलं आणि नुसतं ‘पाणी रात्री द्यावे’ राहिलं तर वर्षभर रात्री पाणी द्यायचं असा अर्थ होतो. ‘जमीन हलकी असल्यास’, ‘पाऊस लांबल्यास’, ‘निसवणीनंतर’, ‘नको’, ‘फक्त’ हे शब्द वहीत बारीक आणि कडेला असतात, पण मुद्द्याचा अर्थ तेच ठरवतात. मी अट नेहमी मुद्द्याच्या सुरुवातीला आणते, ‘थंडीत:’ असं लिहून. तिथे ती सुटत नाही. मुद्द्याचा एकच शब्द लिहायचा मोहही आवरा. ‘शेवरी’ एवढंच लिहिलं तर दोन महिन्यांनी परीक्षेच्या आदल्या रात्री बहीण विचारेल, शेवरीचं काय?

क्रियापदांकडेही एकदा बघा. वहीत एका ओळीत ‘पाणी द्यावे’, दुसरीत ‘खत टाकणे’, तिसरीत ‘पिलं काढतात’ असं असतं. एका यादीत एकच रूप ठेवा. मला ‘-णे’ बरं वाटतं, ते छोटं असतं आणि सगळ्या कामांना चालतं. पण हे करताना सरांनी सक्तीने सांगितलेलं आणि सहज सांगितलेलं यातला फरक पुसू नका. ‘काढलीच पाहिजेत’ असं वहीत असेल तर ते ‘काढणे (आवश्यक)’ व्हायला हवं.

आता वर्ड. मथळा म्हणजे अक्षर मोठं आणि ठळक करणं नव्हे. धड्याच्या ओळीवर कर्सर ठेवून `Ctrl+Alt+1` दाबा, भागाच्या ओळीवर `Ctrl+Alt+2`. त्याने `Heading 1` आणि `Heading 2` या शैली लागतात. मुद्द्यांना `Ctrl+Shift+L`. मुद्दा एक पायरी आत न्यायला `Alt+Shift` धरून उजवा बाण, बाहेर आणायला डावा. परिच्छेद जसाच्या तसा वर-खाली सरकवायला `Alt+Shift` धरून वरचा किंवा खालचा बाण. साहित्याचा भाग अंतराच्या वर नेला असं म्हटलं ना, ते `View` मधलं `Navigation Pane` उघडून, डावीकडे दिसणारा मथळा माउसने ओढून करता येतं. त्याखालचे सगळे मुद्दे बरोबर जातात. नुसता ठळक केलेला मथळा त्या पट्टीत दिसतच नाही, म्हणून शैलीचा आग्रह. गूगल डॉक्समध्येही `Ctrl+Alt+1` हेच चालतं, मुद्द्यांना तिथे `Ctrl+Shift+8`.

मराठीत एक अडचण हमखास येते. मथळ्याचा फॉन्ट बदलला, आकार बदलला, तरी देवनागरी अक्षरावर परिणाम होत नाही. शैलीवर उजवी क्लिक करून `Modify`, मग `Format`, `Font` इथे गेलात की `Complex scripts` असा वेगळा कप्पा दिसतो. देवनागरीचा फॉन्ट आणि आकार तिथे ठरतो, वरच्या कप्प्यात नाही. फॉन्ट मंगल किंवा निर्मला घ्या, म्हणजेच युनिकोड. कुणी श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून देतो म्हणालं तर छापायला ठीक, पण तो मजकूर मोबाइलवर चिकटवला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, आणि त्यात शोधताही येत नाही.

शेवटची तपासणी दोघांनी करा. तुम्ही टाइप केलेलं मोठ्याने वाचायचं आणि बहिणीने फोटोवर बोट फिरवत जायचं. उलटं करू नका, कारण फोटो वाचणारा माणूस मनातलं वाचतो. मांडणी बदललीय म्हणून तिला फोटोत इकडेतिकडे शोधावं लागेल, तेव्हा भागाच्या मथळ्यापुढे फोटोचा आकडा बारीक अक्षरात ठेवलेला असू द्या, ‘खत [12, 13]’ असा. वाचून झालेल्या ओळीवर तिने पेन्सिलने टिक करायची असेल तर फोटो छापून घ्या, काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर भागतं. शेवटी टिक न झालेली ओळ म्हणजे तुमच्याकडून सुटलेली ओळ.

मग `Ctrl+F` मध्ये आधी `[?` आणि मग दोन वाचनांसाठी `/` टाकून उरलेले कंस शोधा आणि फोटोच्या आकड्यासह एकाच निरोपात मैत्रिणीला पाठवा. ‘फोटो 12, खालून चौथी ओळ, लिटरला किती?’ असं विचारलं तर ती वही उघडून लगेच सांगते. ‘काही शब्द कळत नाहीत’ असं विचारलं तर दोन दिवस उत्तर येत नाही. तिलाही सांगता आलं नाही तर कंस फाइलीत राहू द्या, बहीण सरांना विचारेल.

पीडीएफ करताना `Save As` मध्ये पीडीएफ निवडून `Options` उघडा आणि `Create bookmarks using` समोर `Headings` ला खूण करा. मोबाइलवर पीडीएफ उघडणाऱ्या बऱ्याच ॲपमध्ये मग मथळ्यांची यादी दिसते आणि ‘खत’वर बोट ठेवलं की थेट तिथे जाता येतं. वर्डची मूळ फाइलही जपून ठेवा, पुढच्या धड्याचे फोटो आले की त्यातच जोडायचे आहेत.